तुझ्या साप्ताहिक वेळापत्रकाविषयी

दादर, २३ नोव्हेंबर

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

सहामाहीचे गुण हाती आल्यावर तू स्वतःहून बसून आठवड्याचे वेळापत्रक आखलेस आणि ते तपासायला माझ्याकडे पाठवलेस, याचे मला फार समाधान वाटले. दोन संध्याकाळी मी ते तुझ्या गुणपत्रिकेशेजारी ठेवून वाचले. वर्गात इतकी वर्षे गणित शिकवताना अशी पुष्कळ वेळापत्रके पाहिली आहेत, त्यामुळे जे दिसले ते मोकळेपणाने लिहीत आहे.

विषयांच्या सगळ्या चौकटींची बेरीज केली तर आठवड्याचे साडेअठ्ठावन्न तास भरतात. हे तास कागदावर आहेत, तुझ्या दिवसात नाहीत. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार घे. या दिवशी तू साडेसात तास लिहिले आहेस. पहाटे ५ ते ६.३० अभ्यास असे लिहिलेस, पण तुमच्याकडे साडेपाचला पाणी येते आणि ते भरायला आईला तुझा हात लागतो, शिवाय ७.१० च्या शाळेची तयारी असते. म्हणजे खरा वेळ अर्धा तास. दुपारी २ ते ४ विज्ञान लिहिले आहे आणि ४ वाजता मुलुंडचा क्लास सुरू होतो. टेंभीपाड्याहून शेअर रिक्षाने स्टेशन, तिथून नाहूर ओलांडून मुलुंड आणि पुढे क्लासपर्यंतची चाल धरली, तर सव्वातीनलाच घर सोडावे लागते. क्लास ६.३० ला सुटतो आणि तू ६.३० लाच पुढची चौकट सुरू केली आहेस. भांडुप स्टेशनबाहेरची रिक्षाची रांग आणि एलबीएस मार्गावरची कोंडी पाहता साडेसातच्या आत तू घरी पोहोचत नाहीस, म्हणजे जेवणाआधी संध्याकाळचा एक तास मिळतो. रात्रीचे जेवण आणि आवराआवर धरून पुढे साडेनऊ ते साडेदहा एवढाच तास उरतो. पहाटेचा अर्धा, दुपारचा सव्वा, संध्याकाळचा एक आणि रात्रीचा एक मिळून पावणेचार तास होतात, म्हणजे लिहिलेल्या वेळेच्या बरोबर निम्मे. तू रोज संध्याकाळी ‘आजही पूर्ण झाले नाही’ म्हणून खंतावतेस, असे आई सांगत होती. त्यात तुझ्या चिकाटीचा दोष नाही. चौकटच चुकीची होती.

याच हिशेबाने मंगळवारी आणि गुरुवारी सहा-सहा तास, शनिवारी साडेपाच आणि रविवारी सव्वासहा तास निघतात. एकूण पस्तीस. शाळा आणि क्लास सांभाळून दहावीच्या मुलीने केलेला पस्तीस तासांचा अभ्यास अजिबात थोडा नाही. रात्री ११ पर्यंतच्या चौकटी मी मुद्दाम काढल्या, कारण पहाटे पाचला उठणाऱ्या मुलीने अकरापर्यंत जागू नये, असे माझे ठाम मत आहे. मंगळवारी दुपारी विज्ञानाचे सलग तीन तास ठेवले आहेस, तेही तोड. पन्नास मिनिटांनंतर दहा मिनिटे उठून फिरावे.

आता विषयांच्या वाटणीकडे येते, कारण मला खरी काळजी तिथे वाटते. तुझ्या साडेअठ्ठावन्न तासांत विज्ञानाला १७, बीजगणिताला १२, इंग्रजीला ८, इतिहास-राज्यशास्त्राला ७, मराठीला ६, हिंदीला ५, भूमितीला अडीच आणि भूगोलाला १ तास आहे. गुण पाहिले तर बीजगणितात ४० पैकी ३४ आणि भूमितीत १८. इतिहासात २९ आणि भूगोलात १७. गणित म्हणून तू ८० पैकी ५२ वाचलेस आणि सामाजिक शास्त्रे म्हणून ४६, म्हणून दोन्ही विषय तुला बरे वाटले. दोन पेपरांची बेरीज एकत्र दिसते, तेव्हा कच्चा भाग पक्क्या भागाच्या पाठीमागे लपतो. विज्ञानातही तसेच झाले आहे: भाग २ मध्ये ३३ आणि भाग १ मध्ये २६ गुण असताना तू दोघांना सारखा वेळ दिला आहेस.

बीजगणित तुला आवडते आणि उत्तर पटकन जुळते, म्हणून हात तिकडे जातो हे मी समजू शकते. पण भूमितीची उत्तरपत्रिका तू पाठवलीस, ती मी ओळीन्‌ओळ पाहिली. भौमितिक रचनांचे गुण तुला जवळजवळ पूर्ण आहेत. समरूपता आणि वर्तुळ या प्रकरणांत मात्र तू विधान लिहितेस आणि त्यापुढचे कारण लिहीत नाहीस, त्यामुळे सिद्धतेचे गुण जातात. म्हणजे विषय तुला येत नाही असे नसून लिहिण्याचा सराव नाही, आणि तो सराव रविवारी रात्री ९ नंतर थकलेल्या डोक्याने होत नाही.

भूगोलापुढे तू ‘बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये सुटेल’ असे पेन्सिलीने लिहिले आहेस. सहा विषयांपैकी उत्तम पाचांवरून टक्केवारी काढतात हे खरे, पण कोणता विषय बाहेर राहील हे निकालाच्या दिवशी कळते, आणि उत्तीर्ण तर सगळ्यांतच व्हावे लागते. शिवाय यंदाचा भूगोल भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेचा आहे. प्राकृतिक रचना, हवामान, लोकसंख्या असे दोन्ही देशांचे दोन रकाने करून वाचलेस आणि नकाशे हाताने भरलेस, तर हा पेपर लवकर सुधारतो.

या विषयवार तासांखेरीज उजळणीसाठी संपूर्ण आठवड्यात एकच तास आहे, रविवारी रात्री ८ ते ९, ‘सर्व विषय’. नऊ पेपरांसाठी एक तास ही उजळणी नव्हे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले सुरुवातीच्या काही तासांत फार वेगाने विसरले जाते, आणि ठरावीक अंतराने पुन्हा पाहिले तर ते टिकते. म्हणून सोमवार ते शनिवार पहाटेचा तो अर्धा तास फक्त उजळणीला द्यावास: वही मिटून आदल्या दिवशीचे आठवेल तेवढे कागदावर लिहायचे आणि मग पडताळायचे. शनिवारच्या अर्ध्या तासात तीन आठवड्यांपूर्वीचे एक प्रकरण उघडावे.

पस्तीस तासांची माझी वाटणी अशी: भूमिती ६, विज्ञान भाग १ ला ५, भूगोल, बीजगणित आणि इंग्रजी प्रत्येकी ४, विज्ञान भाग २ आणि उजळणी प्रत्येकी ३, इतिहास अडीच, मराठी २ आणि हिंदी दीड. सोमवार ते शुक्रवार दुपारी २ ते ३ भूमितीच, दुसरे काही नाही. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी ६ ते ७.३० भूगोल. रविवारी ११ ते १, म्हणजे बोर्डाच्या पेपराच्याच वेळी, घड्याळ लावून एका आठवड्याला भूमितीची आणि दुसऱ्या आठवड्याला भूगोलाची जुनी प्रश्नपत्रिका सोडवावी. रविवारी संध्याकाळचे दोन तास या पस्तीसमध्ये धरलेले नाहीत. आठवड्यात पाहुणे आले, लोकल रखडली, ताप आला, तर राहिलेले त्यात बसेल. काही राहिले नसेल तर ते दोन तास तुझे.

दोन आठवडे असे करून पाहा आणि रोज किती वेळ खरोखर बसलीस ते वहीच्या मागच्या पानावर मिनिटांत लिही. ७ डिसेंबरला दुपारी ती वही आणि त्या दिवशी सकाळी सोडवलेला भूगोलाचा पेपर घेऊन ये. आदल्या रविवारचा भूमितीचा पेपरही आण. सिद्धतेची कारणे आपण एकत्र पाहू.

तुझी,
मावशी