डॉक्टर नीट बोलतात, पण वेळ हाताशी ठेवून जा

गेल्या शनिवारी आईला गुडघेदुखीसाठी कोथरूडच्या या दवाखान्यात नेलं होतं. फोनवर संध्याकाळी ६ची वेळ मिळाली होती, आम्ही पावणेसहालाच पोहोचलो. आत जायला ७:२० झाले. उशीर होतो, हे समजू शकते. पण या दीड तासात आपणहून कोणी काही सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा "बसा, बोलावतो" एवढंच उत्तर मिळालं. अजून किती नंबर आहेत ते कळलं असतं, तर आईला तेवढा वेळ गाडीत पाय लांब करून बसवलं असतं. बाहेरच्या खुर्च्या तिच्यासाठी फार बुटक्या होत्या.

डॉक्टरांनी मात्र घाई केली नाही. माझ्याशी नव्हे, थेट आईशी मराठीत बोलले, तिचं पूर्ण ऐकून घेतलं. गोळ्या कधी घ्यायच्या ते चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. आईला ते फार आवडलं. तपासणी फी ६०० रुपये, आधी सांगितली तेवढीच. पावती न मागता मिळाली.

उपचारांबद्दल मी इथे काही लिहीत नाही, हा एकाच भेटीचा अनुभव आहे. काउंटरवर चालू नंबर लिहिलेली पाटी लावली, तरी बरीच सोय होईल. पुढच्या तपासणीला आम्ही इथेच येणार आहोत.