दिवाळी पैठणी सेल: घेण्याआधी मनात येणारे प्रश्न

सेल दसऱ्यापासून (२ ऑक्टोबर २०२५) वसुबारसेपर्यंत (१७ ऑक्टोबर). येवल्याच्या दुकानात आणि इथे ऑनलाइन, दर एकच.

₹२,४०० मध्ये पैठणी? खरी आहे ना?

त्या किमतीची साडी सेमी पैठणी आहे, म्हणजे पॉवरलूमची. सेलमध्ये दोन्ही प्रकारचा माल आहे, पण एकत्र मिसळलेला नाही. 'हातमाग' या विभागातल्या साड्या येवल्यात हातमागावर विणलेल्या आणि शुद्ध रेशमाच्या. त्या ₹११,५०० पासून सुरू होतात. 'सेमी' विभागातल्या साड्या यंत्रावरच्या. सेमी घेण्यात कमीपणा काही नाही. हळदीकुंकवाला, ऑफिसातल्या दिवाळीला ती छान दिसते आणि पोरंबाळं अंगाखांद्यावर खेळली तरी जीव वरखाली होत नाही. फक्त ती हातमागाची म्हणून कुणी गळ्यात मारू नये. आमच्या बिलावर साडीचा प्रकार स्पष्ट लिहिलेला असतो.

हातमागाचीच आहे हे घरी आल्यावर कसं ओळखायचं?

पदर उलटा करून बघा. हातमागावर पदरातले मोर, मुनिया, कमळं छोट्या छोट्या कांड्यांवरचे रंगीत धागे एकमेकांत अडकवत विणली जातात. त्यामुळे नक्षी मागूनही जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते. यंत्राच्या पदरामागे लोंबते किंवा कातरलेले धागे दिसतात, नाहीतर ते झाकायला जाळी लावलेली असते.

काठावरून मात्र निकाल लावू नका. आता बऱ्याच हातमागांवर काठ जॅकार्ड लावून विणतात, तेव्हा काठामागे सुटे धागे दिसले म्हणून साडी यंत्राची ठरत नाही.

लेबलांबद्दलही नेहमी गोंधळ होतो. सिल्क मार्क रेशीम शुद्ध असल्याचं सांगतो, साडी हातमागावरची आहे की नाही हे तो सांगत नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. आमच्या हातमाग विभागातल्या प्रत्येक साडीला दोन्ही आहेत.

सेमीवर २५ टक्के सूट आणि हातमागावर फक्त ८? असं का?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न. विणकराची मजुरी दिवाळी आली म्हणून कमी होत नाही, व्हायलाही नको. बंगळूरचं रेशीम आणि सुरतची जर आम्हाला सणासुदीला स्वस्त मिळत नाही. म्हणजे ही सूट आमच्या नफ्यातूनच द्यायची, आणि त्यात ८ टक्क्यांपुढे जागा नाही. ₹१४,५०० ची एकधोटी सेलमध्ये ₹१३,३४० ला पडेल. आधी किंमत ₹२५,००० छापून मग 'निम्म्या दरात' लिहिणं आम्हालाही जमलं असतं. हवं तर सेलच्या आधीचं आमचं दरपत्रक बघा, ते याच पानावर ठेवलं आहे.

जर सोन्याची असते का?

नाही. सेलमधल्या हातमाग साड्यांत टेस्टेड जर आहे: तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा आणि वर सोनेरी झळाळी. सेमीमध्ये साधी इमिटेशन जर. आजीच्या पेटीतल्या पैठणीशी तुलना केलीत तर फरक दिसेल. त्या काळच्या जरीत चांदी-सोन्याचा अंश असे आणि आज तशी साडी या दरात होत नाही.

फोटोत जांभळी दिसते, व्हिडिओत लालसर. नक्की रंग कोणता?

दोन्ही. धूपछाव साडीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे चालताना, वळताना रंग पालटतो. अशा साड्यांच्या वर्णनात दोन्ही धाग्यांचे रंग दिले आहेत. एकसारखाच रंग हवा असेल तर 'एकरंगी' निवडा. तरीही शंका वाटली तर मागवण्याआधी व्हिडिओ कॉल करा. साडी खिडकीजवळ, दिवसाउजेडी उलगडून दाखवतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कुठलाच हिरवा हिरवा दिसत नाही.

भाऊबीजेपर्यंत मिळेल ना?

तयार साडी १३ ऑक्टोबरपर्यंत मागवलीत तर महाराष्ट्र आणि गोव्यात २३ तारखेच्या भाऊबीजेआधी पोहोचेल. बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद इथल्यांनी ११ तारखेच्या आत मागवावी. त्यानंतरच्या ऑर्डरही पाठवू, पण तारखेचा शब्द देणार नाही. दिवाळीच्या आठवड्यात कुरिअरवाल्यांकडे पार्सलांचा ढीग लागलेला असतो.

आवडीचा रंग किंवा नक्षी सांगून मागावर टाकायची साडी दिवाळीला मिळणार नाही. साध्या एकधोटीलाही वेळ लागतो, अंगभर ब्रोकेडला तर काही महिने जातात. तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईसाठी साधी साडी हवी असेल तर आताच सांगा. मागावरच्या ऑर्डरला सेलची सूट नाही.

नाही आवडली तर?

मिळाल्यापासून ७ दिवसांत बदलून मिळेल किंवा पैसे परत. साडी न नेसलेली, टॅग न काढलेली हवी आणि फॉल-पिको केलेला नसावा. न आवडल्याने परत करत असाल तर कुरिअरचा खर्च तुमचा. डाग, फाटका धागा किंवा भलतीच साडी निघाली तर तो खर्च आमचा, आणि त्यासाठी पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागून तुम्हाला अडवणार नाही. दोन स्पष्ट फोटो पुरेत. विणीत एखादी बारीक गाठ किंवा पदराच्या नक्षीत किंचित फरक असेल, तर तो हातकामाचा भाग आहे, दोष नाही.

ब्लाउज पीस, फॉल, नऊवारी?

सहावारीला ब्लाउज पीस जोडलेलाच असतो. फॉल-पिको सेलमध्ये मोफत, पण ते केल्यावर साडी परत घेत नाही, म्हणून आधी बघून मग करून घ्या. नऊवारी मोजक्याच आहेत, सगळ्या हातमागाच्या.

कॅश ऑन डिलिव्हरी आहे का? वर जीएसटी लागेल?

₹१०,००० पर्यंत कॅश ऑन डिलिव्हरी. त्यावर यूपीआय, कार्ड किंवा तीन हप्ते. दाखवलेल्या किमतीत जीएसटी धरलेला आहे.

बहिणीला थेट पाठवायची आहे, किंमत दिसायला नको.

ऑर्डर देताना 'भेट' निवडा. बिल तुमच्या ईमेलवर येईल. पेटीत साडी, लेबलं आणि तुम्ही लिहिलेल्या दोन ओळी. परदेशातही पाठवतो, पण तिकडचं सीमाशुल्क लागलं तर ते घेणाऱ्याला भरावं लागतं. ताई-वहिनींना आधी कल्पना देऊन ठेवा, नाहीतर ओवाळणी उलटी पडायची.

जपायची कशी?

घरी धुऊ नका, ड्रायक्लीनच करा. मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर जर घडीवर तुटते. अत्तर किंवा स्प्रे साडी नेसण्याआधी अंगावर लावा, जरीवर नको. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका.

इथे नसलेलं काही विचारायचं असेल तर खालच्या बटणावरून व्हॉट्सअ‍ॅप करा. सकाळी १० ते रात्री ८ दुकानातलंच माणूस उत्तर देतं. मंगळवारी येवल्याचा बाजार असल्यामुळे थोडा उशीर होईल.