नायट्रिक ॲसिड (६८ टक्के): धोक्याची विधानं आणि हाताळणीच्या सूचना

कुठे लागू: चांदी गाळण्याचा आणि पितळ डिपिंगचा विभाग, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर
आधार: पुरवठादाराचं इंग्रजी सुरक्षा पत्रक, भाग २, ४ ते ८, १० आणि १३
ओळख: सीएएस क्रमांक ७६९७-३७-२, यूएन क्रमांक २०३१

पत्रकातल्या सूचना सामान्य आहेत, कोणत्याही कारखान्यासाठी लिहिलेल्या. आपल्या शेडमध्ये त्यांचा अर्थ काय होतो, ते "आपल्याकडे" या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळींत लिहिलं आहे. त्या ओळीही पाळायच्याच आहेत. नवीन गडी कामाला लागला की कॅनला हात लावण्याआधी हा कागद त्याला मोठ्याने वाचून दाखवायचा. वाचता येत असलं तरी.

भाग २. धोक्याची विधानं

संकेत शब्द: धोका
कॅनवरची चित्रं: वर्तुळावर ज्योत, हातावर आणि धातूवर सांडणारं ॲसिड, कवटी.

H272 – आग भडकवू शकतं. ऑक्सिडायझर.
H290 – धातू खाऊन टाकू शकतं.
H314 – त्वचा गंभीर भाजते, डोळ्यांना इजा होते.
H331 – श्वासातून गेल्यास विषारी.
EUH071 – श्वासनलिका जाळतं.

आपल्याकडे: H314 सगळ्यांना कळतं, कारण ते लगेच झोंबतं आणि त्वचा पिवळी पडते. जीव घेऊ शकतं ते मात्र H331. चांदी, तांबं किंवा पितळ ॲसिडात टाकलं की जो तांबूस-तपकिरी धूर निघतो, तो नायट्रोजन डायऑक्साइड असतो. छातीत गेला तर सुरुवातीला थोडा खोकला येतो, घसा खवखवतो, मग बरं वाटतं. माणूस घरी जातो, जेवतो, झोपतो. फुप्फुसात पाणी भरायला त्यानंतर कित्येक तासांनी सुरुवात होऊ शकते, कधी दुसऱ्या दिवशीही. म्हणून "आता बरं वाटतंय" हे दवाखाना टाळायचं कारण होऊ शकत नाही.

भाग ४. प्रथमोपचार

श्वासातून गेल्यास: माणसाला उघड्या हवेत आणा, बसतं किंवा अर्धवट टेकवून ठेवा, चालवू नका. श्वास थांबला असेल तर तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका. १०८ ला फोन करा. आपल्याकडे: तपकिरी धूर छातीत गेलेला प्रत्येक माणूस त्याच दिवशी सीपीआर रुग्णालयात जाईल आणि तिथे "नायट्रिकचा धूर" हे शब्द डॉक्टरांना सांगेल. सोबत हा कागद द्या. रिक्षाचं भाडं आणि त्या दिवसाचा पूर्ण पगार कारखाना देईल.

त्वचेवर: भिजलेले कपडे लगेच उतरवा, लाजू नका. वाहत्या पाण्याखाली निदान १५ ते २० मिनिटं धरा. सोडा, चुना, हळद, टूथपेस्ट यांतलं काहीही जखमेवर लावू नका.

डोळ्यांत: पापण्या बोटांनी उघड्या धरून तितकाच वेळ पाणी. लेन्स सहज निघत असेल तर काढा. पाणी चालू असतानाच दुसऱ्याने फोन लावायचा. आपल्याकडे: मोरीतला पांढरी खूण केलेला नळ फक्त यासाठी आहे. त्याच्यासमोर बादली किंवा सायकल ठेवू नका.

गिळल्यास: तोंड धुवा. उलटी करवू नका.

भाग ५ आणि ६. आग आणि सांडणं

हे ॲसिड स्वतः जळत नाही, पण लाकूड, कापड, कागद यांना पेटवू शकतं. आग लागल्यास दुरून भरपूर पाण्याचा फवारा मारा. १०१ ला कळवताना "नायट्रिक आहे" असं आधी सांगा, म्हणजे जवान श्वसनसंच घालून येतील.

सांडलं तर: सगळ्यांनी बाहेर, वारा जिकडून येतो त्या बाजूला. साफ करणाऱ्याने पूर्ण संरक्षण घालूनच आत जायचं. कोरड्या वाळूचा बांध घाला आणि कडेकडून थोडा थोडा धुण्याचा सोडा टाका. फेस येतो, म्हणून एकदम ओतू नका. कळीचा चुना वापरू नका, तो पाण्याशी तापतो.

आपल्याकडे: लाकडी भुसा, उसाचं चिपाड, गोणपाट, चिंध्या, वर्तमानपत्र यांनी नायट्रिक टिपायचं नाही. तेल सांडलं की भुसा टाकायची सवय उद्यमनगरात सगळ्यांच्या हाताला आहे, तीच इथे आग लावते. भुसा ॲसिड पितो, तापतो, धुमसतो आणि शेड बंद करून आपण गेल्यावर पेटू शकतो. वाळूची बादली लाल रंगाची आहे. ती भरलेली असणं ही सकाळी शेड उघडणाऱ्याची जबाबदारी.

भाग ७, ८ आणि १०. हाताळणी, साठवण, संरक्षण

पातळ करताना ॲसिड पाण्यात, सावकाश. पाणी ॲसिडात कधीच नाही.

धातू थोडा थोडा टाका. सगळी चांदी एकदम टाकली की मिश्रण तापतं, धूर आवरत नाही आणि भांडं उतू जातं. आपल्याकडे: गाळणीचं काम चालू एक्झॉस्टच्या हुडखालीच होईल. पावसाळ्यात झड येते म्हणून खिडक्या आणि शटर ओढून घेतले जातात. धूर कोंडायला तेवढं पुरतं. एक्झॉस्ट बंद असेल किंवा वीज गेली असेल, तर चांदी थांबेल. गिऱ्हाईक हुपरीहून आलेलं असलं तरी थांबेल.

हवेतली मर्यादा: ८ तासांच्या सरासरीने दहा लाख भागांत २ भाग, थोड्या वेळासाठी ४ भाग. धूर डोळ्यांना दिसला म्हणजे ही मर्यादा ओलांडली, असं समजून बाहेर पडा. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क हा वायू अडवत नाही.

हातात ब्यूटाइल किंवा जाड निओप्रीनचे लांब मोजे. दवाखान्यातले पातळ निळे मोजे चालत नाहीत, सुती आणि चामडी तर अजिबात नाहीत. बंद गॉगल, त्यावर चेहऱ्याची ढाल, रबरी ॲप्रन, गमबूट. पॅन्ट बुटाच्या बाहेर ठेवा, आत खोचू नका.

साठवण थंड जागी, उन्हापासून लांब, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, गुडघ्याच्या खाली. लाकडी फळीवर नाही. झाकण उघडताना चेहरा बाजूला ठेवून हळू फिरवा, आत दाब असू शकतो.

यांच्याजवळ ठेवू नका: थिनर, स्पिरिट, ॲसिटोन, रॉकेल, तेल, धातूची भुकटी.

आपल्याकडे दोन गोष्टी जास्त गंभीर आहेत. पहिली, सायनाइड. प्लेटिंगच्या टाकीत ॲसिड पडलं तर हायड्रोजन सायनाइड वायू निघतो आणि तो मिनिटांत मारतो. म्हणून नायट्रिकचा कॅन, बादली, मग, मोजे यांतलं काहीही प्लेटिंगच्या खोलीत जाणार नाही. दोन्हीकडचं धुण्याचं पाणी एका मोरीत सोडायचं नाही. दुसरी, स्पिरिट. चांदी विरघळलेल्या ॲसिडात स्पिरिट मिसळलं तर धक्क्याने फुटणारा स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. गाळणीचं भांडं फक्त पाण्याने धुवा.

भाग १३. विल्हेवाट

वापरलेलं ॲसिड आणि धुण्याचं पाणी गटारात सोडू नका. गटार शेवटी पंचगंगेला मिळतं. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार ते वेगळं साठवून मान्यताप्राप्त वाहतूकदाराकडेच द्यायचं, पावती फाइलला लावायची. साठवायच्या पिंपावर "वापरलेलं नायट्रिक" आणि तारीख लिहा. पिंपाला हवा सुटणारं झाकण लावा.

रिकामा कॅन घरी नेऊ नका, पाणी भरायला कुणाला देऊ नका, भंगारात विकू नका. तो झाकणासह पुरवठादाराला परत जाईल.