मेघा, विमान सुटलं की वाच

प्रिय मेघा,

हे पाकीट तुझ्या लॅपटॉपच्या बॅगेत मी रविवारीच सरकवलं होतं, काकू भडंगाचे पुडे वजनकाट्यावर ठेवत होत्या आणि तू त्यातला एक-एक बाहेर काढत होतीस तेव्हा. समोर बसून यातलं काही मला बोलता आलं नसतं. आणि निघताना विमानतळावर काका-काकू, तुझा भाऊ, मामा सगळे असणार. तिथे फक्त "पोचलीस की फोन कर" एवढंच होतं.

सगळ्यांत आधी एक आठवण, कारण ती मला रोज येते. ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमचं घर आधीच गेलं म्हणून आम्ही तुमच्याकडे वरच्या मजल्यावर आलो होतो. लाइट नव्हती. सगळे देवाचं नाव घेत बसलेले आणि तू दर तासाला टॉर्च घेऊन जिन्यात जायचीस. कितवी पायरी पाण्यात गेली ते मोजून वहीत वेळ लिहायचीस. "रात्री दोन, नववी पायरी." "तीन वाजता, नववी, पण काठोकाठ." मी चिडून म्हटलं होतं, मोजून काय होणार आहे? तू म्हणालीस, "चढण्याचा वेग कमी झालाय, शीतल. दहाव्या पायरीला थांबेल." आणि दहाव्या पायरीलाच थांबलं. त्या रात्री घरातली मोठी माणसं तुझ्या त्या एका वाक्यावर झोपली, हे तुला माहीत नसेल. आई अजून सांगते.

पाणी ओसरल्यावर काकांच्या दुकानातून आपण चिखल काढला, भिजलेल्या साखरेची आणि तुरीची पोती ओढून बाहेर टाकली. काका शटरला टेकून नुसते उभे होते. तेव्हा तू काही बोलली नाहीस, पण वही टाकली नाहीस. वालचंदला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्याच वहीतून उभा राहिला. म्हणून कुणी म्हणालं ना की पोरगी परदेशी गेली, की मला वाटतं, ती दहाव्या पायरीवरून निघाली आणि नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला पोचतेय. मधे सहा-सात वर्षं गेली एवढंच.

आणि ती वर्षं सोपी नव्हती. कर्जासाठी एका बँकेनं तुला दीड महिना नुसतं "सोमवारी या" सांगितलं आणि शेवटी एका ओळीत नाही म्हटलं. त्या दिवशी तू माझ्या स्कूटीवर मागे बसली होतीस, विश्रामबागपर्यंत एक शब्द नाही, नुसता पाठीवर ओला गाल. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला तू दुसऱ्या बँकेच्या दारात फाइल घेऊन उभी होतीस. तिथे एकटं वाटलं की तू बँकेच्या पायरीवर उभी असलेली ती सकाळ आठव. मी तुला धीट म्हणते ते त्या सकाळमुळे.

एकटं वाटणार आहे. उगाच गोड बोलणार नाही. डिसेंबरात तिकडे साडेचारला सूर्य मावळतो आणि सकाळी पावणेनऊशिवाय उगवत नाही. तू कॉलेजला जाशील अंधारात, येशील अंधारात. अशा एखाद्या संध्याकाळी तुला वाटेल की आपण चुकलो. तसं वाटलं तर तेव्हाच्या तेव्हा कुठलाही निर्णय घेऊ नकोस. वरण-भात लाव, तूप घाल, जेव आणि मला फोन कर. थंडीत आपल्यात साडेचार तासांचं अंतर असेल. तुझे रात्रीचे आठ म्हणजे माझे साडेबारा. मी जागी असेन. नसले तरी उठव. संकोच करशील तर राग येईल मला.

आणखी एक. तू आयुष्यभर नव्वदच्या वर मार्क घेतलेस. तिकडे दहापैकी मार्क देतात, सहाला पास, आणि दहा सहसा कुणाला मिळत नाहीत. तू मला हे एकदा हसत सांगितलंस, पण पहिला सात हातात पडेल तेव्हा हसू येणार नाही, मला माहीत आहे. त्या दिवशी स्वतःला बोल लावू नकोस. भाषा नवी, सर नवे, बाजूला बसलेली पोरं दहा देशांतली. पहिल्या सहामाहीत तुला नुसतं उभं राहायचं आहे, धावायचं नाही. वर्गात प्रश्न पडला की विचार. तुझं इंग्रजी चांगलं आहे, आणि ज्या पुरावर ते फळ्यावर आकडे मांडतील, तो पूर तू जिन्यात उभं राहून पाहिला आहेस. हे त्या वर्गात किती जणांकडे असेल?

मला इंजिनिअरिंग कळत नाही, पण गच्चीवर तू जे सांगायचीस ते मी नीट ऐकलंय. १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्र आत आला, अठराशेच्या वर माणसं गेली, आणि त्यानंतर तो देश पुढची कित्येक दशकं बांध घालत राहिला. आणि मग नाइमेखेनला वाल नदीचा बांध त्यांनी उलट साडेतीनशे मीटर मागे घेतला, नदीला पसरायला जागा दिली. हे सांगताना तुझे डोळे असे काही चमकले होते की मी तेव्हाच मनात म्हटलं, ही जाणार. आणि बघ, तुझं विमान उतरेल तो स्किपोल विमानतळच मुळी उपसून काढलेल्या तळ्याच्या तळाशी आहे, समुद्रपातळीच्या खाली. पाय टेकशील तिथूनच तुझा अभ्यास सुरू.

गेले पंधरा दिवस जो भेटतो तो तुला विचारतोय, "परत येणार ना?" मी विचारणार नाही. तू इथे आलीस तर कृष्णेचं भलं होईल, तिकडे राहिलीस तरी कुठल्या ना कुठल्या नदीकाठच्या माणसांचं होईल. हे ओझं आत्तापासून डोक्यावर घेऊन अभ्यास करू नकोस. शीक फक्त, पोटभर शीक.

इकडची काळजी माझ्यावर सोड. काकांची बीपीची गोळी, काकूंचं व्हिडिओ कॉल लावून देणं, दोन्ही माझ्याकडे. शाळा सुटली की जाता-येता दुकानावर थांबतेच मी. आणि ऑगस्ट आहे, तर तुझा जीव इकडे अडकणार हे मला कळतं. कोयनेतून किती सोडलंय आणि आयर्विनला किती फूट आहे, हे रोज सकाळी तुला कळवेन. चाळीसच्या वर गेलं तर दुकानातला माल वर चढवायला आम्ही सगळे आहोत. तू तिकीट शोधत बसू नकोस.

यंदा गणपतीला तू नसशील. आरतीला तुझा तो खणखणीत आवाज नसेल, तेव्हा मी फोन चालू ठेवीन, तू तिकडून म्हण.

बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात हात घाल. तू बाहेर काढलेला भडंगाचा एक पुडा मी परत ठेवलाय. वजनात बसला, मी मोजलं होतं. आत्ताच फोडू नकोस, खोलीवर पोचल्यावर फोड. आणि पोचलीस की पहिला फोन काकूंना, दुसरा मला.

खूप खूप प्रेम,
तुझी शीतल