विषय: पीआय-११४ (मसाला पाउच पॅकिंग मशीन) – हे आगाऊ कोटेशन आहे, टॅक्स इनव्हॉइस नाही

नमस्कार ताई,

काल फोनवर तुम्ही म्हणालात की तुमच्या अकाउंटंटनी आमचा पीआय खरेदी म्हणून टॅलीत घेतलाय आणि त्यातला ६३,७२० रुपयांचा जीएसटी पोर्टलवर कधी दिसणार असं ते विचारतायत. तो आत्ता दिसणार नाही, कारण मशीनची विक्री अजून झालेलीच नाही. म्हणून तोच मेल नव्याने लिहून पाठवतोय, आधीच्या मेलच्या जागी हाच धरा आणि प्लीज अकाउंटंटना पण फॉरवर्ड करा.

सोबत जोडलेला कागद प्रोफॉर्मा इनव्हॉइस आहे. म्हणजे मशीन काय देणार, केवढ्याला देणार आणि अ‍ॅडव्हान्स किती हे ऑर्डर पक्की व्हायच्या आधी लिहून दिलेलं. नावात इनव्हॉइस असलं तरी हे बिल नाही, आमच्या जीएसटी रिटर्नमध्ये तो जात नाही आणि त्याचा नंबरही आमच्या बिलांच्या सिरीजमधला नाही. त्यामुळे टॅलीतली ती खरेदीची एंट्री काढून टाकायला सांगा, यावर क्रेडिट घेतलं तर पुढे नोटीस तुम्हालाच येईल आणि ते मला अजिबात नकोय.

भाव तेच आहेत. पावडरसाठी ऑगर फिलरवालं ऑटोमॅटिक मशीन, ५० ते २०० ग्रॅम पाउच, एचएसएन ८४२२, किंमत ३,४०,०००. पॅकिंग ५,००० आणि भोसरीहून कुपवाडपर्यंत गाडीभाडं ९,०००, असे ३,५४,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, सीजीएसटी ३१,८६० आणि एसजीएसटी ३१,८६०. एकूण ४,१७,७२०. भाडं आणि पॅकिंगवर पण १८ टक्के कसा असं तुम्ही विचारलं होतं, तर ते मशीनसोबतच आम्ही लावतोय म्हणून मशीनचाच दर लागतो.

यातला जीएसटीचा आकडा आजच्या दराने काढलेला अंदाज आहे हे लक्षात असू द्या. बिल बनेल त्या दिवशी जो दर असेल तो लागेल, २२ सप्टेंबर २०२५ ला कितीतरी वस्तूंचे दर एका दिवसात बदलले ते तुम्ही पाहिलंयच. मूळ भाव मात्र २४ फेब्रुवारी २०२६ पर्यंत आमच्याकडून पक्का, त्यानंतर स्टीलचा रेट बघून सांगावं लागेल.

अ‍ॅडव्हान्स ४० टक्के, म्हणजे १,६७,०८८. तो जमा झाला की आम्ही रिसीट व्हाउचर देऊ, तेही बिल नव्हे, फक्त पैसे मिळाल्याची पावती. अकाउंटंटनी तो आमच्या नावावर अ‍ॅडव्हान्स म्हणून ठेवायचा. मालाच्या अ‍ॅडव्हान्सवर जीएसटी भरायची गरज नोव्हेंबर २०१७ पासून नाही, सर्व्हिसला अजून आहे, म्हणून बहुतेक गोंधळ झाला असेल. समजा मशीनचं काम चालू व्हायच्या आधी तुम्ही ऑर्डर रद्द केलीत तर पूर्ण पैसे परत, रिफंड व्हाउचरसकट.

अ‍ॅडव्हान्सनंतर ५ आठवड्यांनी मशीन तयार होईल, तुम्ही येऊन ट्रायल बघा, तुमचीच हळद आणि कांदा-लसूण मसाला घेऊन या कारण ओलसर मसाला ऑगरमध्ये वेगळा वागतो आणि ते इथेच कळलेलं बरं. मग उरलेले २,५०,६३२ आले की गाडी भरायच्या वेळी खरं टॅक्स इनव्हॉइस बनेल, आमच्या बिलाच्या नंबरने, दोघांच्या जीएसटी नंबरसकट आणि सोबत ई-वे बिल. ते इनव्हॉइस हातात आलं, मशीन कुपवाडला पोचलं आणि आम्ही रिटर्न भरल्यावर ते तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसलं की मग क्रेडिट घ्या, त्याआधी नको.

बँकेचं म्हणाल तर कर्जाच्या फाइलला हाच पीआय लावा, मंजुरीसाठी बँका कोटेशन किंवा पीआयच मागतात. मशीन आल्यावर त्यांना टॅक्स इनव्हॉइसची कॉपी लागेल, ती मी स्वतः पाठवीन. फक्त कर्ज ज्या नावाने घेताय तेच नाव बिलावर हवं, म्हणून उत्तरात मला एवढं नक्की कळवा: बिल फर्मच्या नावाने ना, आणि विश्रामबागचा ऑफिसचा पत्ता बिलावर आणि कुपवाडचा पत्ता डिलिव्हरीला, असंच ना? कुपवाडचा पत्ता तुमच्या जीएसटी रजिस्ट्रेशनमध्ये जोडलेला नसेल तर आत्ताच जोडून घ्या, ५ आठवडे हातात आहेत.

नवीन पीआयवर आता वरच ठळक लिहिलंय, "आगाऊ कोटेशन, जीएसटी क्रेडिटसाठी चालणार नाही". तरी अकाउंटंटना काही शंका असेल तर त्यांनी सरळ मला फोन करावा, संध्याकाळी ७ पर्यंत मी ऑफिसलाच असतो.

धन्यवाद ताई,
सेल्स विभाग, भोसरी एमआयडीसी, पुणे
९ फेब्रुवारी २०२६