लोह-५६ : वस्तुमान त्रुटीवरून प्रति न्यूक्लिऑन बंधनऊर्जा

उदाहरण : लोह-५६ या समस्थानिकाच्या उदासीन अणूचे वस्तुमान ५५.९३४९३६ u आहे. हायड्रोजन अणूचे वस्तुमान १.००७८२५ u, न्यूट्रॉनचे वस्तुमान १.००८६६५ u आणि १ u = ९३१.५ MeV असे घेऊन लोहाच्या अणुकेंद्रकाची प्रति न्यूक्लिऑन बंधनऊर्जा काढा.

उकल : लोहाचा अणुअंक Z = २६ आणि वस्तुमानांक A = ५६ असल्यामुळे अणुकेंद्रकात २६ प्रोटॉन व ३० न्यूट्रॉन आहेत. वस्तुमान त्रुटीचे सूत्र असे :

Δm = Z·m(H) + (A − Z)·m(n) − M

येथे प्रोटॉनऐवजी हायड्रोजन अणूचे वस्तुमान का घेतले, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. दिलेले M हे संपूर्ण अणूचे, म्हणजे २६ इलेक्ट्रॉनांसह असलेले वस्तुमान आहे. २६ हायड्रोजन अणूंमध्येही तितकेच इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे वजाबाकीत ते परस्पर नाहीसे होतात. (इलेक्ट्रॉनांच्या स्वतःच्या बंधनऊर्जेतला फरक इतका अल्प असतो की या अचूकतेला तो जाणवत नाही.) M तेच ठेवून प्रोटॉनचे वस्तुमान १.००७२७६ u वापरले, तर त्रुटी ०.०१४२७४ u ने कमी येते आणि अंतिम उत्तर सुमारे ८.५५ MeV भरते. हे उत्तर दिसायला पटण्याजोगे असते, म्हणूनच ही चूक सहसा लक्षात येत नाही.

२६ × १.००७८२५ = २६.२०३४५० u
३० × १.००८६६५ = ३०.२५९९५० u
बेरीज = ५६.४६३४०० u
Δm = ५६.४६३४०० − ५५.९३४९३६ = ०.५२८४६४ u

एकूण बंधनऊर्जा :
०.५२८४६४ × ९३१.५ = ४९२.२६ MeV

प्रति न्यूक्लिऑन बंधनऊर्जा :
४९२.२६ ÷ ५६ = ८.७९ MeV

भागाकार ५६ ने करायचा आहे, २६ ने नव्हे, कारण न्यूट्रॉनही तितक्याच हक्काचे न्यूक्लिऑन आहेत.

उत्तराची पडताळणी बंधनऊर्जेच्या आलेखावरून करता येते. हेलियम-४ साठी हे मूल्य सुमारे ७.०७ MeV आणि युरेनियम-२३८ साठी सुमारे ७.५७ MeV असते, तर लोहाच्या आसपास आलेख सर्वांत उंच असतो. लोह-५६ हेच शिखर असल्याचे पुष्कळदा सांगितले जाते. प्रत्यक्षात निकेल-६२ चे मूल्य किंचित अधिक आहे.

वस्तुमाने दशांश चिन्हानंतर सहा स्थळांपर्यंत का ठेवली, याचे उत्तरही या आकड्यांतच आहे. साडेछप्पन्नच्या घरातील दोन संख्यांच्या वजाबाकीतून जेमतेम अर्धा एकक उरतो, आणि मूळ वस्तुमानातली लहानशी चूक २६ पट किंवा ३० पट होऊन त्यात मिसळते. हायड्रोजन व न्यूट्रॉन दोन्ही १.०१ u आणि लोह ५५.९३ u असे घेतले, तर Δm = ०.६३ u येऊन प्रति न्यूक्लिऑन बंधनऊर्जा १०.४८ MeV निघते, आणि एवढी बंधनऊर्जा कोणत्याही ज्ञात अणुकेंद्रकाची नाही.