कार्ड कपाटात, पोरगं अंगणात: दीड वर्षाचा डोस राहिला का?

स्लाइड 1

बाळाचं लसीकरणाचं कार्ड शेवटचं कधी उघडलंत?

नवव्या महिन्याची सुई झाली आणि कार्ड साड्यांखाली गेलं, असं बऱ्याच घरांत होतं. आज ते बाहेर काढा. पुढचे डोस राहिलेत का, एवढं बघायला दोन मिनिटं पुरतात.

स्लाइड 2

पहिल्या साडेतीन महिन्यांत कुणी चुकत नाही. बाळ लहान, आई माहेरी, आजी सोबत आणि आशाताईंचा फोन येतोच.

चुकतो तो दीड वर्षाचा डोस. तोवर बाळ धावायला लागलेलं असतं, आईची रजा संपून नोकरी सुरू झालेली असते, जावळ-वाढदिवस सगळं झालेलं असतं. "आता काय, चांगलं दणकट आहे की!" असं म्हणत सहा महिने कसे जातात कळत नाही. आमच्या रजिस्टरमध्ये सगळ्यात जास्त रिकाम्या चौकोनांची ओळ हीच.

स्लाइड 3: वेळापत्रक (सेव्ह करून ठेवा)

सरकारी कार्यक्रमात या लसी मोफत मिळतात.

| वय | काय द्यायचं |
|---|---|
| जन्मल्यावर | बीसीजी, पोलिओचे थेंब, कावीळ ब (24 तासांच्या आत) |
| दीड महिना (6 आठवडे) | पेंटा 1, पोलिओ थेंब 1, पोलिओची सुई 1, रोटा 1, पीसीव्ही 1 |
| अडीच महिने (10 आठवडे) | पेंटा 2, पोलिओ थेंब 2, रोटा 2 |
| साडेतीन महिने (14 आठवडे) | पेंटा 3, पोलिओ थेंब 3, पोलिओची सुई 2, रोटा 3, पीसीव्ही 2 |
| 9 महिने पूर्ण | गोवर-रुबेला 1, पीसीव्ही बूस्टर, पोलिओची सुई 3, अ जीवनसत्त्व |
| 16 ते 24 महिने | गोवर-रुबेला 2, त्रिगुणी (डीपीटी) बूस्टर 1, पोलिओ थेंब बूस्टर |
| 5 ते 6 वर्षं | त्रिगुणी बूस्टर 2 |
| 10 आणि 16 वर्षं | टीडी (धनुर्वात व घटसर्प) |

अ जीवनसत्त्वाचा डोस पुढे दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांचं होईपर्यंत. काही जिल्ह्यांत मेंदूज्वराची (जेई) लसही देतात.

खासगीत लसी घेत असाल तर तुमच्या कार्डावर नावं आणि तारखा वेगळ्या दिसतील. घाबरू नका, पण दोन्ही तक्ते जुळवून घरी हिशोबही करू नका. तुमच्या डॉक्टरांनी कार्डावर लिहिलेली तारीख तीच खरी.

स्लाइड 4

"पेंटा म्हणजे नक्की काय हो?"

एका सुईत पाच आजारांपासून संरक्षण: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब. हा शेवटचा जंतू लहान मुलांत न्यूमोनिया आणि मेंदूच्या आवरणाचा दाह करतो. पूर्वी यातल्या काही सुया वेगवेगळ्या टोचाव्या लागायच्या. "एवढ्या लहान बाळाला एकदम पाच?" असं आजी विचारतात, तेव्हा आम्ही सांगतो, मांडीला टोचणं एकच आहे.

स्लाइड 5

गोवराला "देवी आल्यात, जातील" म्हणून सोडू नका.

2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडी, शिवाय भिवंडी आणि मालेगाव इथे गोवराची साथ आली होती. मुलं दगावलीही. गोवर श्वासातून पसरतो आणि एका घरातून दुसऱ्या घरात जायला त्याला वेळ लागत नाही. एका डोसने सगळ्याच मुलांत पुरेशी ताकद तयार होत नाही, म्हणून दुसरा डोस आहे. आणि तो नेमका याच विसरलेल्या दीड वर्षाच्या ओळीत.

स्लाइड 6

काउंटरवर रोज ऐकू येणारं

"सर्दी आहे, आज नको ना?"
साध्या सर्दी-खोकल्यात बहुतेक वेळा लस देता येते. बाळाला घेऊन या, डॉक्टर तपासून ठरवतील. घरबसल्या तारीख पुढे ढकलू नका.

"दोन महिने उशीर झाला, आता सगळं पहिल्यापासून?"
नाही. आधी घेतलेले डोस वाया जात नाहीत, राहिलेत तिथून पुढे सुरू होतं. दोन डोसांत किती अंतर ठेवायचं आणि कुठल्या लसीचं वय उलटलंय, हे डॉक्टर बघतील. उशीर झाला म्हणून इथे कुणी ओरडणार नाही. (सिस्टर थोडं बोलतील, ते मनावर घेऊ नका.)

"पोलिओ रविवारी थेंब दिलेत की!"
ते जास्तीचे. कार्डावरचे थेंब आणि पोलिओची सुई तरीही घ्यायचीच.

"बीसीजीच्या जागी फोड आलाय, हळद लावू?"
डाव्या दंडावर काही आठवड्यांनी गाठ येते, कधी फुटते, मग खूण राहते. हे अपेक्षितच आहे. हळद, तेल, पावडर, शेक, काहीही नको. काखेत गाठ आली किंवा जखम भरतच नसेल तर दाखवा.

स्लाइड 7

लस झाल्यावर

अर्धा तास इथेच बसा. रिक्षा थांबवून ठेवली असेल तर सोडून द्या, दुसरी मिळेल.

पेंटा किंवा त्रिगुणीनंतर एक-दोन दिवस ताप, किरकिर, मांडीला सूज येऊ शकते. सुती सैल कपडे घाला आणि बाळ मागेल तेव्हा अंगावर पाजा. सुईची जागा चोळू नका.

तापाच्या औषधाबद्दल मात्र नीट वाचा. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत बहुधा 1 मिलीत 100 मिग्रॅ औषध असतं. मोठ्या भावाच्या सिरपमध्ये 5 मिलीत 125 किंवा 250. म्हणजे 125 वालं सिरप समजून थेंबांच्या बाटलीतून तेवढंच औषध भरलंत, तर बाळाला चौपट जातं. म्हणून डोस बाळाच्या वजनावर, डॉक्टरांनी लिहून दिलेलाच. शेजारच्यांच्या बाळाचा नको, मागच्या वेळचाही नको, कारण मधल्या काळात वजन वाढलेलं असतं.

लगेच या: श्वास घ्यायला त्रास, अंगभर गांधी, झटके, बाळ मलूल पडणं, तीन तासांहून जास्त सतत रडणं, खूप जास्त किंवा दोन दिवसांनीही न उतरणारा ताप.

स्लाइड 8

हे आधी सांगा

बाळ दिवसांआधी जन्मलं असेल, आधीच्या लसीनंतर काही त्रास झाला असेल, झटके येत असतील, मोठा आजार किंवा स्टिरॉइडचं औषध सुरू असेल, तर सुई भरायच्या आधी डॉक्टरांना सांगा. अशा बाळांचं वेळापत्रक वेगळं असू शकतं. वरचा तक्ता आठवणीसाठी आहे, तुमच्या बाळाचा निर्णय डॉक्टर त्याला तपासूनच घेतील.

स्लाइड 9

लसीकरण: दर मंगळवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळी 5 ते 7
शनिवार पेठ, कराड

सोबत आणा: कार्ड, आधी लिहून दिलेली चिठ्ठी आणि बाळाचा एक जादा लंगोट.

कार्ड हरवलंय? तरी या. लस इथे झाली असेल तर रजिस्टरमध्ये नोंद आहे. आरोग्य केंद्रात झाली असेल तर तिथल्या सिस्टरांकडे किंवा आशाताईंकडे विचारा.

पोस्टखालचा मजकूर

दीड वर्ष उलटलेल्या पिल्लांच्या आईबाबांनो, ही पोस्ट खास तुमच्यासाठी. गावाकडे असाल, जत्रेला थांबला असाल, तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रातही डोस घेता येईल, कार्ड तेवढं सोबत न्या. तुमच्या बाळाची शंका कमेंटमध्ये लिहू नका, तिथे बघून औषध सांगता येत नाही. क्लिनिकला फोन करा किंवा सरळ घेऊन या. आणि आजोबांच्या ग्रुपवर तिसरी स्लाइड नक्की पाठवा, तारखा तेच लक्षात ठेवतात.